r² ०.९९९२ आणि खालची लेव्हल उणे! 1/x लावू की 1/x²?

लॅबवाली_हिंजवडी | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी एका बायोअॅनालिटिकल लॅबमध्ये एलसी-एमएस/एमएसवर काम करते. प्लाझ्मामधल्या एका औषधाची मेथड बसवतेय. रेंज १ ते १००० नॅनोग्रॅम प्रति मिली. आमच्या ग्रुप लीडरांचं म्हणणं, साधी रेषा टाका, r² चांगला आहे, पुढे चला. r² खरंच चांगला आहे, ०.९९९२. पण त्याच रेषेवरून स्टँडर्डची कॉन्सन्ट्रेशन उलट काढली की १ च्या जागी उणे १.६ येतं आणि २ च्या जागी उणे ०.६! ५ चं येतं २.५, २० चं १७. त्याच्या वरचे सगळे मात्र ५ टक्क्यांच्या आत.

आजच्या बॅचचा डेटा देते. x म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, y म्हणजे औषध आणि इंटर्नल स्टँडर्डचा एरिया रेशो.

```
x <- c(1, 2, 5, 20, 100, 250, 500, 1000)
y <- c(0.0061, 0.0108, 0.0262, 0.0985, 0.512, 1.22, 2.58, 4.86)
```

वेटिंग लावायला हवं हे कळतंय. कुठलं लावायचं, आणि लावल्यावर रेषा खरंच सरळ आहे हे कशावरून म्हणायचं, ते कुणी सांगेल का? रेसिड्युअल प्लॉट काढलाय. त्यात खालचे पाच बिंदू शून्याच्या रेषेवर चिकटलेत, म्हणजे तिथे सगळं आलबेल दिसतंय. तिथेच तर गडबड आहे ना?

---

पाण्याचा_माणूस | सोमवार, रात्री ९.३४

ताई, एवढा घोळ कशाला? शून्यातून रेषा न्या. आम्ही वाघोलीकडच्या बोअरवेलच्या पाण्यात नायट्रेट बघतो, यूव्हीवर, १ ते १० मिग्रॅ प्रति लिटर. इंटरसेप्ट त्रास द्यायला लागला की एक्सेलमध्ये 'सेट इंटरसेप्ट' वर टिक करायची, विषय संपला. r² ०.९९९ च्या वर असला की आमच्याकडे कुणी काही विचारत नाही.

आणि वर स्कॅटर वाढत असेल तर आधी इन्स्ट्रुमेंटवाल्याला बोलवा. मशीन बिघडल्याशिवाय असं होत नाही.

---

लॅबवाली_हिंजवडी | सोमवार, रात्री ९.५१

दादा, तुमची युक्ती करून बघितली. शून्यातून नेली तर १ चं १.२४ येतं, म्हणजे २४ टक्के जास्त. २ चं १० टक्के जास्त. उणे आकडे गेले, पण खालच्या लेव्हलला आम्हाला २० टक्क्यांची मुभा, बाकी लेव्हल्सना १५. म्हणजे नापासच. शिवाय आमच्या ब्लँक प्लाझ्मामध्ये औषधाच्या जागी एक बारीक पीक खरोखर दिसतं.

मशीनची सर्व्हिस नुकतीच झालीये. प्रत्येक लेव्हलला स्कॅटर साधारण ४-५ टक्केच आहे, खाली किंचित जास्त.

---

निवृत्त_क्रोमॅटोग्राफर | सोमवार, रात्री ११.०५

ब्लँकमध्ये पीक आहे म्हणजे इंटरसेप्ट खरा आहे. तो शून्यावर दाबला की त्याचा भार खालच्या लेव्हलवर येतो, तेच २४ टक्के. शून्यातून रेषा न्यायची तर इंटरसेप्ट खरंच शून्य आहे याचा पुरावा हवा. आकडे बरे दिसतात हा पुरावा नव्हे.

आणि दादा, मशीन बिघडलेलं नाही. १००० ला ४ टक्के म्हणजे ४० नॅनोग्रॅम, १ ला ४ टक्के म्हणजे ०.०४. टक्केवारी तीच, पण स्कॅटर हजारपट. एक्सट्रॅक्शनमधली चूक, पिपेटची चूक, आयनायझेशनचा चढउतार हे सगळं कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणातच वाढतं. तुमची रेंज दहापटीची, म्हणून तुम्हाला ते जाणवत नाही. हजारपट रेंजमध्ये न जाणवून कसं चालेल?

आता सायलेंट खलनायक बघा. लॅबवाली, तुमच्या साध्या रेषेचा स्लोप ०.००४९०, इंटरसेप्ट ०.०१४०. हा इंटरसेप्ट कॉन्सन्ट्रेशनमध्ये मोजला तर २.८५ नॅनोग्रॅम होतो. तुमच्या खालच्या लेव्हलच्या जवळजवळ तिप्पट! एवढा इंटरसेप्ट वजा केल्यावर १ चं उत्तर उणे येणार नाही तर काय? हा इंटरसेप्ट आला कुठून? ५०० च्या बिंदूकडे बघा. तो रेषेच्या ०.११६ वर आहे. १ च्या लेव्हलचा अख्खा सिग्नल ०.००६१. म्हणजे ५०० च्या बिंदूची नुसती चूक खालच्या पूर्ण सिग्नलच्या १९ पट. साध्या पद्धतीत रेषा ठरते ती चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून. तुमच्या या बॅचमध्ये त्या बेरजेतला ७७ टक्के वाटा एकट्या ५०० चा आहे, १ चा जेमतेम एक टक्का. रेषा ५०० ला खूश करायला किंचित हलली, आणि त्या किंचितमध्ये खालचं सगळं बुडालं.

तुमचा रेसिड्युअल प्लॉट म्हणूनच फसवा आहे. १ ची चूक ०.०१३, ५०० ची ०.११६. एकाच उभ्या अक्षावर ०.०१३ शून्याला चिकटलेलंच दिसणार. पण ०.०१३ म्हणजे त्या लेव्हलच्या सिग्नलच्या दुप्पट. आणि अजून एक: १, २, ५, २० या चारही बिंदूंची चूक उणे आहे आणि चौघांचीही साधारण सारखीच, ०.०१२ ते ०.०१३५. चार बिंदू एकाच बाजूला, एकाच अंतरावर, हे योगायोगाने होत नाही. रेषा खाली उचललेली आहे हे तिथेच लिहिलंय, फक्त प्लॉटच्या स्केलमुळे वाचता येत नाही.

प्लॉट असा काढा: उभ्या अक्षावर टक्क्यातली चूक, आडव्या अक्षावर कॉन्सन्ट्रेशनचा लॉग. लॉग नाही घेतला तर खालच्या पाच लेव्हल डाव्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात.

---

आकडेमोड्या | मंगळवार, सकाळी ७.४०

वरच्या सगळ्याला अनुमोदन. फक्त वेटिंग निवडायची माझी सोपी पद्धत सांगतो. 1/x आणि 1/x² दोन्ही टाका, बॅक-कॅल्क्युलेटेड चुकांच्या टक्केवारीची बेरीज करा, चिन्ह सोडून. जिची बेरीज कमी, ती घ्या. मी पायथनमध्ये करून बघितलं:

```python
b, a = np.polyfit(x, y, 1, w=1/x**2)
```

स्लोप ०.००४८० आला. ५०० ला साडेसात टक्के जास्त, १०० ला साडेसहा टक्के जास्त, जवळपास सगळे अधिककडे. म्हणजे 1/x² इथे चालत नाही, 1/x घ्या.

---

निवृत्त_क्रोमॅटोग्राफर | मंगळवार, सकाळी ८.१५

थांबा. 1/x² ने मला ०.००४९७ येतंय, तेही साध्या कॅल्क्युलेटरवर. काहीतरी चुकतंय.

---

आलेख_आणि_चहा | मंगळवार, सकाळी ९.०२

चुकतंय ते `polyfit` मध्ये. तिथला `w` चुकांच्या वर्गावर लागत नाही, चुकांवरच लागतो आणि वर्ग नंतर होतो. म्हणून `w=1/x**2` दिलं की प्रत्यक्षात 1/x⁴ लागतं. 1/x² हवं असेल तर `w=1/x` द्यायचं. R मध्ये उलट, तिथे वर्गावरच लागतं, म्हणून सरळ `weights = 1/x^2`.

```
lm(y ~ x, weights = 1/x^2)
```

ओळखायची खूण: 1/x⁴ मध्ये रेषा जवळजवळ १ आणि २ या दोन बिंदूंमधूनच जाते, ते दोन सुरेख बसतात आणि वरचे सगळे एकाच बाजूला सरकतात. तुम्हाला नेमकं तेच दिसलं.

दोन्ही वेटिंग नीट टाकून आलेले आकडे देतो. टक्क्यातली चूक, १ पासून १००० पर्यंत क्रमाने:

```
none   -261  -132  -50  -14  +1.6  -1.5  +4.7  -1.1
1/x    -0.3  -2.7  +1.1 -1.8 +3.1  -1.6  +4.1  -1.9
1/x^2  +1.0  -2.2  +1.0 -2.0 +2.8  -1.9  +3.7  -2.3
```

इंटरसेप्ट ०.०१४० वरून ०.००११ वर आला, स्लोप मात्र ०.००४९० चा ०.००४९७ झाला, दीड टक्का. म्हणजे वेटिंगने रेषेचा कल फारसा बदललाच नाही, खालची मुळं जागेवर आली इतकंच.

आकडेमोड्या, तुमची बेरीज 1/x साठी १६.६ आणि 1/x² साठी १७.०. आता यातलं ०.४ कशाच्या जोरावर निवडणार? उद्याच्या बॅचला उलटं येईल.

---

आकडेमोड्या | मंगळवार, सकाळी ९.३०

`polyfit` चं मान्य, डॉक्युमेंटेशनमध्ये ते आहेच. पण बेरजेची पद्धत सर्रास वापरतात हो, आणि ऑडिटमध्ये चालते.

---

आलेख_आणि_चहा | मंगळवार, सकाळी १०.१०

वापरतात, आणि बऱ्याच बॅचची बेरीज एकत्र केली तर ती वाईटही नाही. पण एका बॅचवरून नको. त्यापेक्षा लॅबवालीताईंकडे व्हॅलिडेशनच्या क्यूसींचा डेटा असेल. एकाच लेव्हलचे पाच-पाच नमुने. तिथे स्कॅटर थेट मोजता येतो, रेषेचा संबंधच येत नाही. ताई, खालच्या आणि वरच्या क्यूसीचा एरिया रेशोचा एसडी देता का?

---

लॅबवाली_हिंजवडी | मंगळवार, दुपारी १.२५

जेवणाच्या सुट्टीत टाकतेय. १ नॅनोग्रॅमच्या पाच नमुन्यांचा एसडी ०.०००४२ (७ टक्के). ८०० च्या पाच नमुन्यांचा ०.१६ (४ टक्के).

आणि धक्का बसला म्हणून सांगते: ३ नॅनोग्रॅमच्या क्यूसीचा रेशो ०.०१६ आहे. साध्या रेषेवर त्याचं उत्तर ०.४ येतं, 1/x² वर बरोब्बर ३.०. हे दाखवल्यावर ग्रुप लीडर गप्प झाले. पेशंटच्या शेवटच्या तासांचे सगळे नमुने याच पट्ट्यात असतात, साधी रेषा ठेवली असती तर ते सगळे 'डिटेक्शनखाली' गेले असते.

---

आलेख_आणि_चहा | मंगळवार, दुपारी ३.००

मस्त. एसडीचं गुणोत्तर ३८१, म्हणजे व्हेरिअन्सचं सुमारे १ लाख ४५ हजार. कॉन्सन्ट्रेशनचं गुणोत्तर ८००. लॉगला लॉगने भागा: ५.१६ भागिले २.९०, येतात १.७८. म्हणजे तुमचा व्हेरिअन्स x च्या साधारण १.८ व्या घातात वाढतो. 1/x म्हणजे घात १, 1/x² म्हणजे घात २. तुम्ही २ च्या जवळ आहात.

पूर्ण २ का नाही? खाली ७ टक्के आणि वर ४ टक्के, म्हणून. अगदी तळाला बेसलाइनचा स्वतःचा आवाज मिसळतो आणि तो कॉन्सन्ट्रेशनबरोबर कमी होत नाही. मधल्या क्यूसींचे एसडीही घेऊन लॉग-लॉग आलेख काढा. खालच्या टोकाला तो आडवा होत असेल तर 1/x² तिथल्या बिंदूवर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतंय.

कुणी विचारेल, मग प्रत्येक लेव्हलचा मोजलेला व्हेरिअन्सच का लावू नये? कारण पाच नमुन्यांतून काढलेला एसडी स्वतःच पस्तीस टक्क्यांनी इकडेतिकडे असतो. एखाद्या लेव्हलला योगायोगाने पाचही नमुने जवळजवळ आले की ती लेव्हल अख्खी रेषा आपल्याकडे ओढून घेईल. 1/x² सारखा गुळगुळीत नियम तिथे जास्त भरवशाचा.

---

निवृत्त_क्रोमॅटोग्राफर | मंगळवार, सायंकाळी ६.२०

माझा कल तरी 1/x² कडेच, पण त्याची एक किंमत आहे. या आठ लेव्हलमध्ये एकूण वजनाचा ७७ टक्के वाटा एकट्या १ च्या लेव्हलकडे जातो. ती ट्यूब बिघडली तर इंटरसेप्ट बिघडला. आम्ही १ ची लेव्हल नेहमी दोनदा, वेगवेगळ्या ट्यूबमध्ये काढायचो. ब्लँक आणि झिरो स्टँडर्ड रेषेत घ्यायचे नाहीत, हे आयसीएच एम१० मध्येही आहे. तसंही 1/x मध्ये शून्य घालून बघा, काय होतं ते.

आणि वेटिंग व्हॅलिडेशनला एकदा ठरलं की ठरलं. आज क्यूसी पास व्हावा म्हणून 1/x, उद्या 1/x², असं चालत नाही.

ज्यांच्याकडे सॉफ्टवेअर नाही त्यांच्यासाठी: एक्सेलमध्ये 1/x² वेटिंगचं बटण नाही, पण गरजही नाही. एका कॉलममध्ये 1/x, दुसऱ्यात y/x. समजा C आणि D मध्ये.

```
=INTERCEPT(D2:D9,C2:C9)
=SLOPE(D2:D9,C2:C9)
```

नावं उलटी होतात, पहिल्यातून तुमचा स्लोप येतो आणि दुसऱ्यातून इंटरसेप्ट. मी सकाळी कॅल्क्युलेटरवर हेच केलं. y/x चा कॉलम नुसता वाचला तरी बरंच कळतं: ०.००६१०, ०.००५४०, ०.००५२४ आणि मग ०.००४९ ते ०.००५२ मध्ये खालीवर. वरची शिडी उतरत उतरत एका पातळीवर येते, हा इंटरसेप्टचा ठसा. तुमची रेषा सरळ नसती तर ती वरच्या टोकालाही उतरत राहिली असती.

---

पाण्याचा_माणूस | मंगळवार, रात्री ८.४५

बरं, मान्य. माझ्या नायट्रेटला वेटिंग लावून बघितलं, फरक दुसऱ्या दशांशात. पण माझा वेगळाच प्रश्न. वरची १० ची लेव्हल दर वेळी कमी येते आणि ५-६ च्या लेव्हल जास्त. वेटिंगने हे जाईल का?

---

आलेख_आणि_चहा | मंगळवार, रात्री ९.२०

नाही जाणार. ती कमान आहे. चुकांचा पसरट होत जाणारा आकार म्हणजे नरसाळं दिसलं तर वेटिंगचा प्रश्न, चुकांची चिन्हं उणे-अधिक-उणे अशी कमान करत असतील तर रेषेचा आकारच चुकलाय. दोन वेगळे आजार आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही. गंमत अशी की नरसाळ्याच्या आत कमान लपते, म्हणून आधी वेटिंग लावायचं आणि मग कमान शोधायची.

तुमच्याकडे १० ला अॅब्सॉर्बन्स किती येतो? जास्त असेल तर पाणी पातळ करून रेंज कमी करा, तोच सरळ उपाय.

लॅबवालीताईंच्या बॅचमध्ये चिन्हं + − + − + − + − अशी आहेत, एकाही बाजूला सलग नाहीत. त्यामुळे या एका बॅचमध्ये तरी कमान दिसत नाही. पण आठ बिंदूंवरून सरळपणाची खात्री कुणी देऊ नये. व्हॅलिडेशनच्या सगळ्या बॅच एकाच प्लॉटवर टाका, प्रत्येक लेव्हलवर.

---

लॅबवाली_हिंजवडी | बुधवार, रात्री १०.३०

टाकल्या. तीन बॅच. खालच्या सहा लेव्हल शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या, काही नमुना नाही. पण १००० ची: उणे २.३, उणे १.१, उणे ३.८. तिन्ही उणे. ५०० ची: अधिक ३.७, उणे ०.८, अधिक १.५.

सगळं १५ टक्क्यांच्या आतच आहे, तरी १००० ने जरा सतावलंय. ग्रुप लीडर म्हणाले, क्वाड्रॅटिक टाकून मोकळे व्हा.

---

निवृत्त_क्रोमॅटोग्राफर | गुरुवार, सकाळी ६.५०

क्वाड्रॅटिक लगेच नको. पुरेसं असेल तेवढं साधं मॉडेल वापरा हेच गाइडलाइन सांगतं, आणि तीन उण्यांवरून 'साधं पुरत नाही' हे सिद्ध होत नाही. तीन नाणी एकाच बाजूला पडायची शक्यता चारात एक असते.

त्याऐवजी कारण तपासा. १००० चाच नमुना १० ऐवजी ५ मायक्रोलिटर इंजेक्ट करा. डिटेक्टर वर भरून येत असेल तर औषधाचा पीक निम्म्यापेक्षा कमी घटेल, इंटर्नल स्टँडर्ड निम्मा होईल, आणि रेशो वाढेल. रेशो तोच राहिला तर डिटेक्टर निर्दोष, मग स्टँडर्ड बनवतानाची किंवा स्टॉकची डायल्यूशन बघा. जमलं तर ७५० ची एक लेव्हल मध्ये घाला, कमान असेल तर ती तिथे सगळ्यात आधी दिसते.

---

आकडेमोड्या | गुरुवार, सकाळी ९.१५

काका, एक शंका. रेशो थोडासाच वाढला, समजा २ टक्के, तर? इंजेक्शनचा स्वतःचाच स्कॅटर तेवढा असतो.

---

निवृत्त_क्रोमॅटोग्राफर | गुरुवार, सकाळी ९.४०

मग एकेक इंजेक्शन पुरणार नाही, दोन्ही व्हॉल्यूमला पाच-सहा करावी लागतील. आणि एवढं करूनही फरक २ टक्केच निघाला तर तो कमान म्हणून धरायचा की सोडून द्यायचा, यावर माझं आणि माझ्या जुन्या साहेबांचं कधीच जमलं नाही. ते रेंज ८०० वर आणायचे, मी १००० ठेवायचो.

---

लॅबवाली_हिंजवडी | गुरुवार, दुपारी १२.०५

आज आमच्याकडे वीज बंद आहे, जनरेटरवर मास स्पेक चालवायला परवानगी नाही. उद्या ५ मायक्रोलिटरची इंजेक्शन लावते आणि इथेच आकडे टाकते.